एक उदाहरण, पाच चुका : दहावीच्या गणिताचा उजळणीचा तास

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत गणिताचे दोन पेपर असतात. भाग 1 म्हणजे बीजगणित आणि भाग 2 म्हणजे भूमिती. प्रत्येक लेखी पेपर 40 गुणांचा आणि दोन तासांचा असतो. शाळेतली पूर्वपरीक्षा आटोपली की बोर्डाच्या परीक्षेपर्यंत थोडेच आठवडे उरतात आणि वेळापत्रकातले गणिताचे तास उजळणीला लागतात. बहुतेक ठिकाणी या तासाचा साचा ठरलेला असतो. शिक्षक प्रकरणातली सूत्रे फळ्यावर लिहितात, दोन-तीन उदाहरणे स्वतः सोडवून दाखवतात आणि मुले ती उतरवून घेतात. तास शांतपणे पार पडतो, वही भरते, पण कोणत्या मुलाला नेमके काय येत नाही हे शिक्षकालाही कळत नाही आणि मुलालाही. उजळणीचा तास आखायचा तर प्रकरणापेक्षा मुलांच्या चुकांपासून सुरुवात केलेली बरी. एका तासात नेमकी कोणती चूक दुरुस्त करायची, हे आधी ठरले पाहिजे.

बीजगणितातले दुसरे प्रकरण, वर्गसमीकरणे, हे त्याचे चांगले उदाहरण आहे. या प्रकरणात समीकरण सोडवण्याच्या तीन रीती येतात: अवयव पद्धती, पूर्ण वर्ग पद्धती आणि सूत्र पद्धती. त्याशिवाय विवेचकावरून मुळांचे स्वरूप ओळखणे, मुळांवरून समीकरण तयार करणे आणि शाब्दिक उदाहरणे हा भागही असतो. चाळीस मिनिटांत एवढ्या सगळ्याची उजळणी होत नाही. केली तर प्रत्येक मुद्द्याला पाच-सहा मिनिटे येतात आणि प्रत्येक मुद्दा जेवढा आधी येत होता तेवढाच राहतो. म्हणून पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका पुन्हा एकदा चाळाव्या लागतात. या वेळी गुणांसाठी नव्हे, तर गुण कुठे गेले ते पाहण्यासाठी. वर्गसमीकरणांच्या प्रश्नांत बहुधा असे दिसते की मुलांना सूत्र पाठ आहे, a, b आणि c च्या किमतीही लिहिलेल्या आहेत, पण किमती सूत्रात भरताना चिन्हांचा घोळ झाला आहे. तसे दिसले तर तासाचा विषय ठरला: सूत्रात किमती भरणे आणि आलेले उत्तर स्वतः तपासणे. पूर्ण वर्ग पद्धती त्या दिवशी बाजूला राहील, आणि ती राहू द्यावी.

विषय ठरल्यावर सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे पहिले उदाहरण निवडणे. इथे बरेचदा हाताला येईल ते सोपे समीकरण घेतले जाते, जसे x² − 5x + 6 = 0. शिकवायला सुरुवात करताना ते उत्तम आहे, पण उजळणीसाठी फारसे कामाचे नाही. त्यात a ची किंमत 1 आहे, त्यामुळे छेदात 2a ऐवजी नुसते 2 लिहिणाऱ्या मुलाचेही उत्तर बरोबर येते. c धन आहे, त्यामुळे ऋण c चे चिन्ह विसरणारा मुलगाही सुटून जातो. म्हणजे दोन मोठ्या चुका असूनही वहीत बरोबरची खूण पडते. उजळणीसाठी असे उदाहरण हवे की ज्यात प्रत्येक चुकीतून वेगळे उत्तर बाहेर पडेल आणि नुसते उत्तर पाहून शिक्षकाला चूक ओळखता येईल.

2x² − 5x − 3 = 0 हे समीकरण या कसोटीला उतरते. इथे a = 2, b = −5, c = −3. विवेचक b² − 4ac = (−5)² − 4 × 2 × (−3) = 25 + 24 = 49. सूत्रानुसार x = (5 ± 7)/4, म्हणून मुळे 3 आणि −1/2.

आता चुका पाहू. c चे ऋण चिन्ह सोडून दिले तर विवेचक 25 − 24 = 1 येतो आणि मुळे 3/2 व 1 मिळतात. −b लिहिताना b स्वतःच ऋण आहे हे विसरून −5 तसेच ठेवले तर (−5 ± 7)/4 होते आणि मुळे 1/2 व −3 येतात, म्हणजे आकडे बरोबर आणि चिन्हे उलटी. कंस न घालता वर्ग केला आणि −5² म्हणजे −25 घेतले तर विवेचक −1 येतो आणि मूल लिहिते की मुळे वास्तव नाहीत. छेदात 2a ऐवजी 2 लिहिले तर मुळे 6 व −1 येतात. छेद फक्त वर्गमुळाखाली धरला, म्हणजे 5 ± 7/4 असे लिहिले, तर 27/4 व 13/4 येतात. पाच चुका, पाच वेगळी उत्तरे. त्यामुळे शिक्षक बाकांमधून फिरताना कोणाच्या वहीतली शेवटची ओळ पाहिली तरी मधल्या ओळीत काय झाले ते कळते.

एखादा मुलगा सूत्राऐवजी अवयव पाडेल, आणि त्याला तशी मोकळीक द्यावी. तिथेही हीच उत्तरे दिसतात. 2 × (−3) = −6, म्हणून बेरीज −5 आणि गुणाकार −6 असणाऱ्या संख्या हव्यात; त्या −6 आणि 1. गुणाकार +6 समजून −3 व −2 घेणाऱ्या मुलाला (2x − 3)(x − 1) मिळते आणि मुळे पुन्हा 3/2 व 1. ज्याने 6 व −1 घेतले त्याला (2x − 1)(x + 3) मिळते आणि मुळे 1/2 व −3. रीत बदलली तरी c चे किंवा b चे चिन्ह विसरण्याचा परिणाम तोच राहतो. हे मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिले की सूत्र आणि अवयव या दोन वेगळ्या गोष्टी नसून एकाच समीकरणाकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

तासाची सुरुवात या एका उदाहरणाने करायची. फळ्यावर समीकरण लिहायचे, सूत्र लिहायचे नाही आणि काही समजावूनही सांगायचे नाही. पेपरात 40 गुणांना 120 मिनिटे असतात, म्हणजे एका गुणाला सरासरी तीन मिनिटे. हे उदाहरण दोन गुणांचे धरले तर सहा मिनिटे देणे रास्त. या सहा मिनिटांत वही बंद, पुस्तक बंद, शेजाऱ्याकडे पाहणे बंद. उत्तर अर्ध्या कागदावर लिहून घेतले तर आणखी बरे, कारण वहीत लिहिलेले मुले लगेच खोडतात. शिक्षकाने त्या वेळात हातात कागद धरून फिरायचे आणि पाच चुकांच्या पाच रकान्यांत उभ्या रेघा मारत जायचे. एक रकाना बरोबर उत्तराचा, एक कोऱ्या कागदाचा. नावे लिहायची गरज नाही. फक्त कोऱ्या कागदांची नावे मनात ठेवावीत.

समजा, पन्नास मुलांच्या वर्गात 22 उत्तरे बरोबर आली, 11 मुलांनी 3/2 व 1 लिहिले, 8 मुलांनी 1/2 व −3, चौघांनी मुळे वास्तव नाहीत असे लिहिले, दोघांची छेदात चूक झाली आणि तिघांचे कागद कोरे राहिले. आता पुढची बारा मिनिटे कशावर खर्च करायची हे आपोआप स्पष्ट होते. 3/2 व 1 आणि 1/2 व −3 ही दोन उत्तरे फळ्यावर यायलाच हवीत, कारण ती मिळून एकोणीस जणांची आहेत. छेदाच्या दोन चुका त्या दोघांच्या बाकापाशी जाऊन मिनिटभरात सांगता येतात. त्यासाठी अख्खा वर्ग थांबवू नये. तीन कोऱ्या कागदांचा प्रश्न वेगळा आहे. तो शेवटी येईल.

फळ्यावर बरोबर उत्तर सोडवून दाखवण्याचा मोह इथे टाळावा. त्याऐवजी चुकीची सोडवणूक आधी लिहावी, तीही शिक्षकाने स्वतःच्या अक्षरात, कोणाच्या वहीतून न घेता. फळ्याचे तीन भाग केलेले असतात. डाव्या भागात समीकरण आणि a = 2, b = −5, c = −3 या किमती तासभर राहतात. मधल्या भागात 25 − 24 = 1 ही ओळ आणि पुढची मुळे लिहिली जातात आणि वर्गाला विचारले जाते की गाडी नेमकी कोणत्या ओळीत रुळावरून उतरली. बहुतेक वेळा कोणीतरी लगेच उत्तर देते. मग त्या जागी −4 × 2 × (−3) अशी पूर्ण ओळ कंसासह लिहून मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्यावी. मुलांची अडचण इथे अज्ञानाची नसते, घाईची असते. कंस न घालता मनातल्या मनात गुणाकार केला की कंसाबरोबर ऋण चिन्हही गळून पडते.

दुसऱ्या चुकीचे मूळ थोडे खोल आहे. मुलांना लहानपणापासून ‘मायनस मायनस प्लस’ हे वाक्य पाठ असते. ते गुणाकारासाठी आहे हे विसरले जाते आणि बेरजेतही तोच नियम लावला जातो; −6 − 1 चे उत्तर 7 लिहिणारी मुले दहावीतही सापडतात. म्हणून −b च्या जागी −(−5) लिहून मग 5, ही एक जादा ओळ प्रत्येकाने लिहायचीच, असा वर्गाचा नेम ठरवावा. तपासणीत पायऱ्यांनुसार गुण दिले जातात. सूत्र, किमती आणि विवेचक बरोबर लिहिलेला असेल तर शेवटी घोटाळा झाला तरी सगळे गुण जात नाहीत. ती जादा ओळ लिहायला पाच सेकंद लागतात.

यानंतर तासातला सर्वांत मोलाचा भाग येतो. मुले उत्तराचा ताळा क्वचितच करतात, कारण प्रत्येक मूळ मूळ समीकरणात घालून पाहणे वेळखाऊ असते, आणि −1/2 सारखी किंमत घालायची म्हणजे आणखी एक चूक करण्याची संधी. पण याच प्रकरणात दुसरा, झटपट ताळा शिकवलेला असतो: मुळांची बेरीज −b/a आणि मुळांचा गुणाकार c/a. बहुतेक मुलांना हे दोन नियम वेगळ्याच प्रकारच्या प्रश्नांसाठी पाठ असतात. स्वतःचे उत्तर तपासण्यासाठी ते वापरता येतात हे त्यांच्या लक्षात आलेले नसते.

आपल्या समीकरणात बेरीज 5/2 आणि गुणाकार −3/2 यायला हवा. 3 आणि −1/2 यांची बेरीज 5/2, गुणाकार −3/2, दोन्ही जुळले. आता 3/2 व 1 घ्या. बेरीज 5/2, जुळली. गुणाकार 3/2, चिन्ह चुकले. 1/2 व −3 घेतले तर गुणाकार −3/2 जुळतो, पण बेरीज −5/2 येते. म्हणजे c च्या चिन्हाची चूक गुणाकारात सापडते आणि b च्या चिन्हाची चूक बेरजेत. दोन्हींपैकी एकच तपासणारा मुलगा अर्ध्या चुका सोडून देतो. छेदाच्या चुकांत 6 व −1 यांची बेरीज 5 येते, 27/4 व 13/4 यांची बेरीज 10. दोन्ही तिथेच उघड्या पडतात. राहिले ते मुळे वास्तव नाहीत असे लिहिणारे चौघे. त्यांच्याकडे तपासायला मुळेच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी खूण आहे: a आणि c यांची चिन्हे विरुद्ध असतील तर −4ac धन असतो, b² कधीच ऋण नसतो, म्हणून विवेचक धनच येणार. 2 आणि −3 अशा किमती पाहिल्यावर ‘वास्तव नाहीत’ हे उत्तर अशक्य आहे, हे सोडवण्याआधीच सांगता येते. वर्गाने हा मुद्दा स्वतः बोलून दाखवला तर त्यावर पाच मिनिटे गेली तरी ती वाया गेली असे समजू नये.

मंडळाच्या पेपरात कृती पूर्ण करण्याचे प्रश्न असतात. दुसऱ्या प्रश्नात 4 गुणांच्या आणि तिसऱ्यात 3 गुणांची, असे 40 पैकी 7 गुण रिकाम्या चौकटी भरण्यावर असतात. उजळणीच्या तासासाठी शिक्षकाने स्वतः कृती तयार केली तर चौकट कुठे ठेवायची हे त्याला ठरवता येते. छापील कृतींत ती बऱ्याचदा उत्तराच्या जागी असते. इथे ती चुकीच्या जागी ठेवावी. उदाहरणार्थ,

x = [−(□) ± √(□ + 24)] / (2 × □)

या ओळीत तिन्ही चौकटी अशा ठिकाणी आहेत जिथे मुले घसरतात: −5, 25 आणि 2. कृती लिहिताना मुलांनी चौकटीतल्या किमती नुसत्या भरायच्या नाहीत, तर पूर्ण ओळ पुन्हा लिहायची, हेही याच वेळी सांगून टाकावे.

यानंतर तासाची दहा-बारा मिनिटे शाब्दिक उदाहरणाला द्यावीत, पण तेही त्याच धाग्यावर. नवे समीकरण, नवे आकडे, नवी गोष्ट असे सगळे एकदम आले की मूल कशात अडले ते कळत नाही. म्हणून a आणि b तेच ठेवून फक्त c बदलावा. एका आयताकृती शेततळ्याची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा 5 मीटरने कमी आहे आणि क्षेत्रफळ 150 चौरस मीटर आहे, तर लांबी आणि रुंदी काढा. रुंदी x मानली तर लांबी 2x − 5, म्हणून x(2x − 5) = 150 आणि 2x² − 5x − 150 = 0. विवेचक 25 + 1200 = 1225, त्याचे वर्गमूळ 35. x = (5 ± 35)/4, म्हणजे 10 किंवा −7.5. रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून रुंदी 10 मीटर, लांबी 15 मीटर; 10 × 15 = 150.

इथे चुका बहुतेक वेळा समीकरण मांडतानाच होतात आणि त्याही ओळखता येतात. ‘दुपटीपेक्षा 5 ने कमी’ हे 2(x − 5) असे लिहिले तर 2x² − 10x − 150 = 0, म्हणजे x² − 5x − 75 = 0 मिळते. विवेचक 325 येतो, तो पूर्ण वर्ग नाही. लांबी 5 − 2x लिहिली, किंवा 150 उजवीकडून डावीकडे आणताना चिन्ह बदलायचे राहिले, तर विवेचक −1175 येतो. लांबी-रुंदीसारख्या मोजमापाच्या उदाहरणात विवेचक पूर्ण वर्ग आला नाही तर आकडेमोड पुन्हा पुन्हा करत बसण्यापेक्षा पहिल्या वाक्याकडे परत जावे. हा संकेत नेहमीच खरा ठरतो असे नाही, काही प्रश्नांत करणी असलेले उत्तरही येऊ शकते. पण विवेचक ऋण आला तर मांडणी किंवा आकडेमोड चुकली हे जवळजवळ नक्की, कारण तळे खरोखर अस्तित्वात आहे. आणखी एक गुण विनाकारण जातो तो x = 10 वर थांबल्यामुळे. प्रश्नाने दोन गोष्टी विचारल्या होत्या, एकक मागितले होते आणि −7.5 का घेतले नाही याचे कारणही उत्तरात लिहायचे असते.

शेवटची पाच मिनिटे पुन्हा एका कागदासाठी राखून ठेवावीत. या वेळचे समीकरण 3x² − 7x − 6 = 0. विवेचक 49 + 72 = 121, मुळे 3 आणि −2/3. इथेही चुकीची उत्तरे वेगळी होतात, फक्त त्यांची जागा बदलते: c चे चिन्ह विसरणाऱ्याला या वेळी 49 − 72 = −23 मिळते आणि तो मुळे वास्तव नाहीत असे लिहितो, तर कंस न घालता वर्ग करणाऱ्याला √23 मिळते. सुरुवातीच्या रकान्यांशेजारी शेवटच्या रेघा मांडल्या की तासाचा हिशोब हाती येतो. सुरुवातीला चिन्हे विसरणारे एकोणीस होते आणि आता पाच-सहा उरले तर त्या तासाचे काम झाले. सतरा-अठरा उरले असतील तर समजावे की मुलांची अडचण वर्गसमीकरणात नसून ऋण संख्यांच्या गुणाकार-बेरजेत आहे, आणि पुढचा अर्धा तास दहावीचे प्रकरण बाजूला ठेवून त्यालाच द्यावा लागेल.

पाच-सहांवर आलेला आकडाही त्या दिवसापुरताच खरा असतो. सोडवणूक डोळ्यांसमोर ताजी असताना बहुतेकांना ती जमते. म्हणून त्याच प्रकारचे एक समीकरण तीन दिवसांनी आणि एक साधारण दहा दिवसांनी, दुसऱ्याच प्रकरणाच्या तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत, कोणतीही पूर्वसूचना न देता द्यावे. अंकगणिती श्रेढीच्या तासाला वर्गसमीकरण आले की मुले आधी गोंधळतात, आणि हा गोंधळ हवाच असतो. परीक्षेत प्रश्नावर प्रकरणाचे नाव छापलेले नसते. समीकरण पाहून रीत स्वतः निवडावी लागते.

राहिले ते तीन कोरे कागद. त्या मुलांना या तासात बसवून ठेवले तर ती फक्त फळा उतरवतील. पहिल्या सहा मिनिटांनंतर त्यांच्या हाती दुसरा कागद द्यावा: चार-पाच समीकरणे, आणि प्रत्येकाखाली फक्त a, b, c च्या किमती चिन्हासह लिहायच्या. त्यात 5x² = 3x आणि x² − 9 = 0 सारखी समीकरणे असावीत, म्हणजे सामान्यरूपात मांडणी आणि 0 ही किंमत दोन्हींचा सराव होतो. त्यांना जादा तासाला वेगळे बोलावणे सोयीचे असेल तर तिथे सुरुवात किमती ओळखण्यापासूनच करावी, विवेचकापर्यंत दुसऱ्या दिवशी यावे, आणि सूत्र पूर्ण सोडवण्याचा आग्रह तिसऱ्या दिवसापर्यंत धरू नये.